वजाबाकीत उरलेला आवाज

कॅसेटवरचं जुनं कीर्तन संगणकावर उतरवून घेतलं, सॉफ्टवेअर लावून त्यातली खरखर काढली आणि घरच्यांना आधीचं आणि नंतरचं एकापाठोपाठ ऐकवलं, की सगळे एकमुखाने म्हणतात, "वा, केवढं स्वच्छ झालं!" ते खरंही असतं. पण ऐकणाऱ्याला खरखर गेल्याचं कळतं, खरखरीबरोबर आणखी काय गेलं ते कळत नाही. बुवांच्या 'श्रीहरी'तला 'श' थोडा बोथट झाला असेल, झांजेची लांबत जाणारी किणकिण मध्येच तुटली असेल, तरी खरखर संपल्याच्या आनंदात तिकडे लक्ष जात नाही. कानाची आठवण काही सेकंदांपलीकडे बारकावे धरून ठेवत नाही, आणि जे किंचित मोठ्याने वाजतं ते कानाला उगाचच सरस वाटतं. त्यामुळे अशा तुलनेवर भरवसा ठेवून मूळ फाइल पुसून टाकणारे लोक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

ध्वनिमुद्रणाच्या कामात यावर एक साधी युक्ती आहे. तिला नल टेस्ट म्हणतात. मूळ आवाजातून सुधारलेला आवाज वजा करायचा आणि जे उरेल ते ऐकायचं. उरलेलं म्हणजे त्या प्रक्रियेने केलेला बदल, त्याहून कमी नाही की जास्त नाही. ही वजाबाकी आकड्यांची असते, त्यात मत, आवड, महागडे स्पीकर यांचा काही संबंध येत नाही.

संगणकातला आवाज म्हणजे आकड्यांची रांग असते. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला सॅम्पल म्हणतात. समजा मूळ ध्वनिमुद्रणात लागोपाठचे चार सॅम्पल १२००, −३४०, ८०५ आणि −६२ असे आहेत. खरखर काढल्यावर त्याच जागी ११९०, −३४०, ८०५ आणि −५८ आले. आता या दुसऱ्या रांगेतल्या प्रत्येक आकड्याचं चिन्ह उलटं करायचं, म्हणजे −११९०, ३४०, −८०५, ५८. याला पोलॅरिटी उलटवणं म्हणतात. उलटवलेला आवाज एकटा वाजवला तर कानाला काहीच वेगळं वाटत नाही. पण तो मुळाबरोबर मिसळला की बेरीज होते १०, ०, ०, −४. मधले दोन सॅम्पल सॉफ्टवेअरने जसेच्या तसे सोडले होते, ते एकमेकांना खाऊन टाकतात. पहिल्या आणि चौथ्यात त्याने हात घातला होता, तिथे जितका हात घातला तितकंच उरतं. संपूर्ण फाइलवर हे केलं की उरलेल्या आकड्यांची मिळून नवी फाइल तयार होते आणि ती वाजवता येते. कामाच्या सोयीसाठी तिला अवशेष म्हणू.

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. दोन अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांविरुद्ध जोडून फक्त फरक ऐकायचा, ही पद्धत तारांच्या जमान्यातही वापरात होती. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९८५ सालचा. अमेरिकेतला अभियंता बॉब कार्व्हर याने 'स्टिरिओफाइल' या मासिकाला आव्हान दिलं होतं, की तुम्ही निवडाल त्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. त्याने दोन्हींचं आउटपुट एकमेकांविरुद्ध लावलं, उरलेला फरक ऐकत ऐकत आपल्या यंत्राच्या आतली मंडलं बदलत नेली आणि फरक सुमारे ७० डेसिबल खाली गेल्यावर थांबला. मासिकाच्या मुरलेल्या कानांना मग दोघांतला भेद सांगता आला नाही. कार्व्हरला वजाबाकीत शून्याच्या जवळ पोहोचायचं होतं. आपलं काम उलटं आहे. आपण मुद्दाम बदल केला आहे, आणि त्या बदलात नको ते काही आलं का, एवढंच पाहायचं आहे.

डेसिबलचा हिशेब एकदा डोक्यात बसवून घेतला की पुढचं सोपं जातं. २० डेसिबल खाली म्हणजे आकड्यांत दहावा भाग, ४० खाली म्हणजे शंभरावा, ६० खाली म्हणजे हजारावा. अवशेष मुळापेक्षा किती खाली आहे, ते या मापात बोलायचं.

प्रत्यक्ष कामाला मी ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो, पण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हेच करता येतं. मूळ ट्रॅक निवडून त्याची `Duplicate` ने नक्कल काढायची. मूळ ट्रॅकला पुढे अजिबात हात लावायचा नाही. जे काही करायचं ते नकलेवर. मग नकलेवर `Invert` चालवायचं, दोन्ही ट्रॅक निवडून `Mix and Render to New Track` म्हणायचं. तिसरा ट्रॅक तयार होतो, तो अवशेष.

खरखर काढण्याआधी मात्र तराजू तपासून घ्यावा. नकलेवर काहीही न करता ती फक्त उलटवायची आणि मिसळायची. तिसऱ्या ट्रॅकवर सरळ रेघ यायला हवी, कितीही मोठी करून पाहिली तरी सरळच. ती आली नाही, तर कुठेतरी लेव्हलचा खटका सरकलेला आहे किंवा एक ट्रॅक जागचा हलला आहे, आणि पुढचे सगळे निष्कर्ष फुकट. मग दुसरी तपासणी म्हणून नकलेची लेव्हल मुद्दाम फक्त ०.१ डेसिबलने उतरवायची. एवढा फरक कुणाच्याही कानाला कळत नाही. पण वजाबाकीला कळतो. ०.१ डेसिबल म्हणजे सव्वा टक्क्याहून किंचित कमी, त्यामुळे अवशेष मुळापेक्षा साधारण ३९ डेसिबल खाली येतो. आवाज वाढवला की त्यात अख्खं कीर्तन ऐकू येतं, बुवा, तबला, पेटी, श्रोत्यांचा खोकला, सगळं. एक पूर्ण डेसिबल उतरवलं तर अवशेष फक्त १९ डेसिबल खाली राहतो आणि खणखणीत वाजतो.

ही दुसरी तपासणी मी कधीच टाळत नाही, कारण नल टेस्टच्या बहुतेक चुकीच्या निष्कर्षांचं मूळ इथेच आहे. अवशेषात बुवांचा आवाज ऐकला की माणूस दचकतो आणि म्हणतो, सॉफ्टवेअरने आवाज खाल्ला. प्रत्यक्षात त्याने फक्त लेव्हल केसभर बदललेली असू शकते, जे निरुपद्रवी आहे. ओळखायचं कसं? अवशेष मुळाची हुबेहूब, फक्त हळू आवाजातली प्रत वाटत असेल, खर्ज आणि तार दोन्ही आपापल्या जागी असतील, तर तो लेव्हलचा फरक. नकलेची लेव्हल ०.०१ डेसिबलच्या टप्प्यांनी वरखाली करत अवशेष सर्वांत बारीक कुठे होतो ते शोधायचं आणि तिथे थांबायचं. त्यानंतर जे उरेल ते खरं.

दुसरा नेहमीचा चोर म्हणजे वेळ. पुष्कळशा प्रक्रिया आवाज आत घेतल्यावर थोडा पुढचा भाग बघून मग बाहेर सोडतात, त्यामुळे निकाल काही सॅम्पल उशिरा येतो. चांगली सॉफ्टवेअरं हा उशीर आपोआप भरून काढतात, सगळी नाही. एका सॅम्पलचा उशीर म्हणजे सेकंदाचा चव्वेचाळीस हजारावा भाग, पण तेवढ्यानेही वजाबाकी बिघडते आणि तीही सगळीकडे सारखी नाही. १०० हर्ट्झच्या खर्जात अवशेष ३७ डेसिबल खाली जातो, १००० हर्ट्झला जेमतेम १७, आणि १०,००० हर्ट्झला तर अवशेष मुळापेक्षाही दोन डेसिबल मोठा होतो. कारण उघड आहे. उंच स्वराची लहर इतकी आखूड असते, की एक सॅम्पल सरकली तरी तिचा चढ दुसरीच्या उतारावर बसत नाही. म्हणून अवशेष पातळ, चरचरीत, खर्ज हरवलेला असा वाटला की आधी वेळ तपासावी. माझा उपाय ढोबळ आहे. फाइलच्या सुरुवातीच्या शांत भागात एकाच सॅम्पलची टिचकी पेन्सिलने काढून ठेवायची, प्रक्रिया झाल्यावर ती टिचकी कितव्या सॅम्पलला निघाली ते मोजायचं आणि तितकं मागे सरकवायचं.

आता कीर्तन. नारदीय कीर्तनाचं एका सभामंडपात, लहान कॅसेट रेकॉर्डरच्या अंगच्याच मायक्रोफोनने केलेलं ध्वनिमुद्रण डोळ्यांसमोर आणा. अशा कॅसेटी महाराष्ट्रात घरोघरी आहेत. बुवांचा आवाज, पेटी, तबला, झांज, आणि सगळ्यावर टेपचा सततचा 'सूंऽऽ', ज्याला हिस म्हणतात.

ऑडॅसिटीतलं `Noise Reduction` दोन पायऱ्यांत चालतं. आधी जिथे फक्त हिस आहे असा एखाददुसऱ्या सेकंदाचा तुकडा निवडून `Get Noise Profile` दाबायचं. सॉफ्टवेअर त्या तुकड्याचे खर्जापासून तारेपर्यंत बारीक बारीक पट्टे पाडतं आणि प्रत्येक पट्ट्यात किती हिस आहे याची नोंद ठेवतं. दुसऱ्या पायरीत संपूर्ण ध्वनिमुद्रण तसंच पट्ट्यांत फोडून क्षणोक्षणी तपासलं जातं. ज्या पट्ट्यातला आवाज नोंदीतल्या हिसच्या आसपास आहे तो हिसच असणार असं समजून खाली दाबायचा, जो त्याहून बराच मोठा आहे तो सोडून द्यायचा. किती दाबायचा हे `Noise reduction (dB)` वर ठरतं आणि हिस कशाला समजायचं हे `Sensitivity` वर.

सॉफ्टवेअरला कीर्तन कळत नाही. हळू आहे ते हिस, मोठं आहे ते संगीत, एवढीच त्याची समज. झांजेचा ठोका मोठा असतो, तो वाचतो. पण त्यानंतर विरत जाणारी किणकिण शेवटी हिसच्याच उंचीवर येते, आणि ती असतेही हिससारखीच उंच स्वरपट्टीत पसरलेली. 'स' आणि 'श' हे तर जिभेने केलेले हिसच आहेत. 'श'ची ताकद साधारण तीन हजार हर्ट्झच्या वर, 'स'ची त्याहून वर, म्हणजे नेमकी जिथे टेपचा सूंकार कानाला टोचतो तिथेच.

नकलेवर १२ डेसिबलचं दाबकाम करून, ती उलटवून, मुळात मिसळली की अवशेष हाती येतो. तो ऐकताना पहिल्यांदा एक गोष्ट ध्यानात ठेवायची, की त्यात हिस भरपूर असणार आणि ते योग्यच आहे, तीच तर काढायची होती. १२ डेसिबल दाबणं म्हणजे हिसचा चौथा भाग ठेवून तीन चतुर्थांश काढणं, म्हणून अवशेषातली हिस मुळातल्या हिसच्या जवळजवळ तोडीची असते. २४ डेसिबल दाबलं तर ९४ टक्के निघते, म्हणजे अवशेषात फक्त दोन डेसिबलची भर. त्यामुळे खरखर किती राहिली हे अवशेष ऐकून नीट कळत नाही, त्यासाठी सुधारलेली फाइलच ऐकावी लागते. अवशेष ऐकायचा तो सुपातून पाखडून खाली पडलेला कोंडा बोटांनी चाळावा तसा, त्यात दाणे गेले का ते बघण्यासाठी.

दाणे ओळखण्याची खूण म्हणजे हालचाल. टेपचा सूंकार कीर्तनाकडे लक्ष न देता एकसारखा वाहतो. अवशेषात जे काही बुवांच्या शब्दांबरोबर किंवा तबल्याच्या लयीबरोबर वरखाली होतं, ते हिस नव्हे, ते कीर्तन आहे. हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं, की एकसुरी सूंकारातून आधी झांजेच्या शेपट्या वर येतात. ठोका ऐकू येत नाही, पण ठोक्यानंतर अर्ध्या क्षणाने 'छन्न'मधला शेवटचा 'न्न' तेवढा येतो आणि लांबत जातो. मग शब्दांची टोकं येतात. अभंग म्हणताना बुवांनी ओळीच्या शेवटी सोडलेला श्वास, 'विश्वास'मधला शेवटचा हळू पडलेला 'स', स्वरांशिवाय नुसती व्यंजनं, कुणी कुजबुजत अभंग म्हणतंय असं वाटावं. या व्यंजनांवरून ओळ ओळखता आली, तर सॉफ्टवेअरने मर्यादा ओलांडली असं मी धरतो. हा माझा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, पण कीर्तन-भाषणांच्या कामात तो मला पुरेसा ठरतो.

लेव्हलचा फरक आणि ही हानी यांत गल्लत होत नाही. लेव्हलच्या फरकात पूर्ण आवाज येतो, पेटीसह. इथे पेटी जवळजवळ नसतेच, कारण तिचे स्वर मोठे आणि ठाम असल्याने सॉफ्टवेअरने त्यांना हात लावलेला नसतो.

पण समजा अवशेषात पेटीचा एकच स्वर सतत गुणगुणतोय. मग दोष दाबकामात नाही, नोंदीत आहे. जो तुकडा शांत म्हणून निवडला त्यात पेटीचा षड्ज मंदपणे चालूच होता, सॉफ्टवेअरने त्यालाही हिस समजून टिपून घेतलं आणि कीर्तनभर तो स्वर हळू झाला रे झाला की दाबला. दुसरा तुकडा निवडला की हे जातं. तानपुऱ्यावरच्या गायनाच्या कॅसेटींत हे हमखास होतं, कारण तिथे खरी शांतता मैफल सुरू होण्याआधी किंवा संपल्यावरच मिळते. सुधारलेली फाइल ऐकून ही चूक सहसा सापडत नाही, कारण तानपुरा नाहीसा होत नाही, फक्त थोडा मागे जातो. अवशेषात मात्र तो उघडा पडतो.

लहान रेकॉर्डरच्या ध्वनिमुद्रणात आणखी एक खोच असते. त्यांत लेव्हल आपोआप सांभाळणारं मंडल असतं. बुवा थांबले की ते मंडल आवाज वर ओढतं, त्याबरोबर सभामंडपातली कुजबुज आणि यंत्राची खरखरही वर येते. बुवा बोलू लागले की पुन्हा खाली. म्हणजे शांत तुकड्यातली खरखर ही बोलण्यामागच्या खरखरीपेक्षा मोठी असते. तिची नोंद घेऊन दाबकाम केलं, की बोलणं चालू असताना सॉफ्टवेअरचा उंबरठा गरजेपेक्षा उंच राहतो आणि शब्दांतले हळुवार भाग त्याखाली सापडतात. अवशेषात याची खूण अशी, की दीर्घ विरामानंतरचे पहिले शब्द ठीक असतात आणि भर वाक्यातल्या व्यंजनांचा चुरा जास्त पडतो. अशा वेळी `Sensitivity` खाली आणावी लागते किंवा दोन शब्दांच्या मधल्या फटीतला अगदी छोटा तुकडा नोंदीसाठी शोधावा लागतो.

मग १२ वरून ६ डेसिबलवर यायचं, पुन्हा अवशेष काढायचा. सहाला प्रत्येक दाबलेली गोष्ट निम्मी राहते, त्यामुळे झांजेच्या शेपट्या अवशेषात असल्या तरी सुधारलेल्या फाइलमध्येही निम्म्या शिल्लक असतात. आवाज मोठा करूनही अवशेष नुसता सूंकार वाटेपर्यंत `Sensitivity` उतरवत जायचं. खरखर थोडी राहते. ती राहू द्यावी असं माझं मत आहे. कॅसेटच्या जमान्यातल्या लोकांचे कान तिच्यापलीकडचं ऐकायला सरावलेले असतात, पण तुटलेला 'श' कुठलाच कान भरून काढत नाही.

ऑडॅसिटीच्या याच खिडकीत `Residue` असा पर्याय आहे, तो निवडला की वजाबाकी न करताही अवशेष मिळतो. सोयीचा आहे. मी तरी हातानेच वजाबाकी करतो, कारण तीच रीत मग कुठल्याही सॉफ्टवेअरला, कुठल्याही प्रक्रियेला लागू पडते आणि दुकानदाराच्या मापावर विसंबावं लागत नाही.

फाइल साठवण्याच्या पद्धतींनाही ती लागू पडते. कीर्तनाची फाइल फ्लॅक या पद्धतीने दाबून साठवा, पुन्हा उघडा, मुळातून वजा करा. पूर्ण शून्य येतं, एकही सॅम्पल हललेला नसतो. हे नल टेस्टचं सर्वांत निर्विवाद उत्तर. पण सुधारलेली फाइल आधी ३२ बिटांत असेल आणि तुम्ही १६ बिटांत साठवली असेल, तर कुठेतरी −८० ते −९० डेसिबलच्या आसपास बारीक भुरभुर उरते. घाबरायचं कारण नाही. आकडे तोडताना खरबडीतपणा येऊ नये म्हणून सॉफ्टवेअर तेवढी भुरभुर मुद्दाम पेरतं.

एमपीथ्रीचं मात्र वेगळं. आधी तर ती फाइल उशिरा सुरू होते. लेम या प्रसिद्ध एन्कोडरचा उशीर ५७६ सॅम्पलांचा, उलगडताना आणखी ५२९, मिळून ११०५. काही सॉफ्टवेअरं तो भरून काढतात, काही नाही. तो जुळवून वजाबाकी केली की जो अवशेष येतो तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हादरवतो, पाण्याखाली कुणी बडबडत असल्यासारखा, भुताटकीचा. एमपीथ्री घडवताना कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या जर्मन अभियंत्याने सुझॅन व्हेगा हिचं 'टॉम्स डायनर' हे गाणं कसोटीसाठी वापरलं होतं. पुढे रायन मॅग्वायर या अमेरिकन संगीतकाराने त्याच गाण्यातून एमपीथ्रीने टाकून दिलेले आवाज गोळा केले आणि त्यांची स्वतंत्र रचना केली. ऐकताना वाटतं, इतकं सगळं फेकून दिलं?

इथे नल टेस्टची मर्यादा लागते. अवशेष एकटा वाजवला तेव्हा तो ऐकू आला, म्हणून तो मूळ गाण्यातही ऐकू येत होता असं नाही. मोठ्या आवाजाच्या शेजारचा हळू आवाज कानाला लागत नाही आणि एमपीथ्री त्याच गोष्टीवर चालते. तबल्याच्या थापेखाली झाकलेला भाग तिने टाकला, तर वजाबाकीत तो दिसणारच, पण थाप असताना तो तुम्हाला कधीच ऐकू येत नव्हता. काय बदललं हे वजाबाकी अचूक सांगते. बदल कळतो का हे विचारायचं तर कोणती फाइल कोणती ते लपवून दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्यायचं आणि ओळखता येतं का ते पाहायचं, दुसरा मार्ग नाही. म्हणूनच मी वर खरखरीच्या बाबतीत शब्दांच्या टोकांना आणि झांजेच्या शेपट्यांना एवढं महत्त्व दिलं. त्या मोठ्या आवाजाखाली झाकलेल्या नसतात. ठोका संपल्यावर, स्वर संपल्यावर, उघड्यावर येतात.

अवशेषाची सरासरी लेव्हल बघून निकाल देणंही धोक्याचं. एका तासाच्या कीर्तनात एकाच ठिकाणी सॉफ्टवेअरने एक कडक टिचकी घातली असेल तर सरासरीत तिचा मागमूस लागत नाही, आणि ऐकणारा मात्र तिथे दचकतो. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत उंच शिखरही पाहावं, आणि ते कुठे आहे तिथे जाऊन ऐकावं.

काही ठिकाणी ही रीत चालतच नाही. एकच कॅसेट दोनदा वाजवून उतरवली आणि त्या दोन फाइली वजा केल्या, तर काही खाऊन जाणार नाही. कॅसेट डेकचा वेग दर वेळी किंचित वेगळा असतो आणि वाजतानाही डोलतो. वेगात ०.१ टक्का फरक पडला तरी मिनिटाभरात दोन फाइली ६० मिलिसेकंदांनी, म्हणजे अडीच हजाराहून जास्त सॅम्पलांनी फाकतात, आणि वर पाहिलंच की एका सॅम्पलनेही काय होतं. त्यामुळे 'माझा डेक चांगला की तुझा' हा वाद नल टेस्टने सुटत नाही. तशाच काही कृत्रिम घुमाऱ्याच्या प्रक्रिया आत यादृच्छिक आकडे वापरतात, त्या तीच फाइल दोनदा देऊनही स्वतःशीसुद्धा जुळत नाहीत. संशय असला की प्रक्रिया दोनदा चालवून दोन निकाल एकमेकांतून वजा करायचे. तिथेच शून्य आलं नाही, तर मुळाशी केलेल्या वजाबाकीतून काय काढणार?

आवाजाची घडण बदलणाऱ्या इक्वलायझरची वजाबाकीही सावधपणे वाचावी लागते. तो ज्या पट्टीत आवाज कमी-जास्त करतो, तिच्या आजूबाजूच्या लहरींची वेळही थोडी सरकवतो. लहर साठ अंशांनी, म्हणजे चक्राच्या षष्ठांशाने सरकली की लेव्हल तीच राहूनही अवशेष मुळाएवढा मोठा होतो. नुसता एक अंश सरकली तरी तो ३५ डेसिबलच खाली जातो. तेव्हा इक्वलायझरच्या अवशेषात एखादी पट्टी ठळक दिसली, तर तिथे आवाज तितकाच वाढवला किंवा घटवला आहे असं नाही. किती वाढवला ते इक्वलायझरच्या आलेखात पाहावं, अवशेषात फक्त कुठवर हात पोचला ते.

काम संपल्यावर मी अवशेषाची फाइल टाकून देत नाही. मूळ वजा सुधारलेलं म्हणजे अवशेष, तर सुधारलेलं अधिक अवशेष म्हणजे पुन्हा मूळ. दोन्ही ३२ बिटांत साठवलेल्या असतील तर त्या एकाखाली एक ठेवून, यावेळी काही न उलटवता, मिसळल्या की खरखरीसकट, झांजेच्या शेपट्यांसकट कॅसेटवरचं कीर्तन परत उभं राहतं. पुढेमागे कुणाला अधिक चांगलं सॉफ्टवेअर मिळालं तर त्याने तिथूनच सुरुवात करावी. फाइलच्या नावात मी दाबकामाचे डेसिबल आणि `Sensitivity` लिहून ठेवतो, आणि नोंदीसाठी कुठला तुकडा घेतला त्याचे मिनिट-सेकंदही.